मशीनला उद्याचा भाव कळतो, कारण तो आपणच सांगितलेला असतो

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या नफातोट्याचा अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले, हा त्यातला आकडा सगळीकडे छापून आला. त्याच अभ्यासात आणखी एक आकडा होता. २०२३-२४ मध्ये विदेशी गुंतवणूकदारांच्या नफ्यापैकी ९७ टक्के आणि स्वतःच्या पैशाने ट्रेडिंग करणाऱ्या कंपन्यांच्या नफ्यापैकी ९६ टक्के नफा अल्गोमधून, म्हणजे कॉम्प्युटरने आपोआप केलेल्या सौद्यांतून, आला होता. पहिला आकडा लोकांनी सावध व्हावं म्हणून होता. दुसरा विकणाऱ्यांच्या कामी आला. मोठे लोक मशीनवर कमावतात, तुम्ही हाताने हरता, तेव्हा आमचं मशीन लर्निंगचं मॉडेल घ्या, असा सरळ हिशेब मांडला जातो आणि सोबत डावीकडून उजवीकडे चढत जाणारा बॅकटेस्टचा, म्हणजे जुन्या डेटावर चालवून काढलेल्या नफ्याचा, आलेख दाखवला जातो.

या हिशेबात दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली खपवल्या जातात. मोठ्या डेस्कवरचा अल्गो बहुतांशी दोन्ही बाजूंचे भाव लावतो, फ्युचर आणि ऑप्शनमधली फट दिसली की ती काही क्षणांत उचलतो, मोठी ऑर्डर तुकडे करून बाजारात सोडतो. निफ्टीचा स्ट्रॅडल, म्हणजे कॉल आणि पुटची जोडी, उद्या महाग होईल की स्वस्त, हे सांगितल्याशिवाय त्याचं काही अडत नाही. किरकोळ ट्रेडरला विकलं जाणारं मॉडेल मात्र नेमका तोच दावा करतं. माझं म्हणणं असं, की ऑप्शनच्या परताव्याचा अंदाज सांगणाऱ्या मॉडेलचा बॅकटेस्ट विक्रीसाठी पुरावा म्हणून वापरूच देऊ नये. प्रत्येक विकणारा खोटारडा असतो असं नाही. ऑप्शनच्या डेटामध्ये प्रामाणिक माणसाच्याही नकळत पेपर फुटतो, आणि मग मॉडेल पहिल्या नंबरात पास होतं.

कसा फुटतो ते बघायचं तर एका दिवसापासून सुरुवात करू. ३ जून २०२४ ला एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी २३,२६३.९० ला बंद झाला. दुसऱ्या दिवशी लोकसभेचे निकाल लागले आणि तो २१,८८४.५० वर आला, म्हणजे जवळजवळ सहा टक्के खाली. मधल्या वेळात तर २१,२८१ पर्यंत घसरला होता. समजा ३ तारखेला कुणी ६ जूनच्या एक्स्पायरीचा २२,५०० चा पुट, म्हणजे निफ्टी त्याखाली गेला तर फरक देण्याचा करार, ९० रुपयांना विकला. हा ९० चा भाव मी उदाहरणासाठी धरला आहे, बाकीचे आकडे खरे आहेत. ४ तारखेला बाजार बंद होताना या पुटची नुसती आंतरिक किंमत सहाशे पंधरा रुपयांच्या घरात होती आणि दिवसाच्या तळाला ती बाराशेच्या वर गेली होती. लॉट तेव्हा २५ चा होता. तळाला एका लॉटवर अठ्ठावीस हजारांचा तोटा, तोही जेमतेम साडेबावीसशे रुपयांचा प्रीमियम घेऊन.

आता हीच ओळ डेटा साफ करणाऱ्याच्या हातात पडते. एका दिवसात भाव जवळजवळ सातपट झालेला पाहून त्याला शंका येते, आणि शंका रास्तही असते, कारण ऑप्शनच्या डेटात चुकीचे भाव भरपूर असतात. म्हणून तो नियम करतो: दुसऱ्या दिवशीचा भाव पाचपटीहून जास्त असेल तर ओळ गाळायची. हा नियम चालवायला उद्याचा भाव माहीत असावा लागतो. ३ जूनच्या दुपारी पुट विकणाऱ्याला तो माहीत नव्हता. ऑप्शन विकण्याच्या धंद्यातली सगळी जोखीम ज्या मोजक्या ओळींत असते, नेमक्या त्याच ओळी या झाडलोटीत जातात. उरलेल्या टेबलवर कुठलंही मॉडेल चालवा, ते विकायलाच सांगेल. अमेरिकेतल्या ऑप्शन्सवरच्या संशोधनातही अशी, नंतरची माहिती वापरून केलेली गाळणी सापडली आहे आणि तिच्यामुळे परतावे फुगल्याचं संशोधकांनी दाखवून दिलं आहे. त्यामुळे ही फक्त नवशिक्यांची चूक आहे असं समजण्यात अर्थ नाही.

दुसरा एखादा ओळ गाळत नाही, पण लेबल, म्हणजे मॉडेलने शिकायचं उत्तर, वेगळं लावतो. त्याला रोजच्या भावाची कटकट नको असते, म्हणून तो एक्स्पायरीपर्यंतचा परतावा धरतो. ६ जूनला निफ्टी २२,८२१.४० ला बंद झाला. २२,५०० चा पुट शून्यावर संपला आणि विकणाऱ्याला ९०च्या ९० मिळाले. टेबलमध्ये या ओळीसमोर पूर्ण नफा लिहिला जातो. मॉडेल शिकतं की इंडिया व्हिक्स, म्हणजे बाजाराच्या धास्तीचा निर्देशांक, चढलेला असताना दूरचा पुट विकावा, पैसे येतात. ४ जूनला मार्जिन कमी पडलं म्हणून ब्रोकरने कितीजणांच्या पोझिशन तळाला कापल्या असतील, याचा त्या टेबलला पत्ताच नाही. एकच सौदा एका टेबलमध्ये नाहीसा होतो आणि दुसऱ्यात नफा म्हणून नोंदला जातो, तेही कुणी काहीही खोटं लिहिलेलं नसताना. लेबल लावताना मधल्या काळातला सर्वात वाईट भाव आणि त्या भावाला लागणारं मार्जिन हिशेबात धरलं नसेल, तर तो परतावा कुणाच्याही खात्यात जमा झालेला परतावा नव्हे.

भावाचीच आणखी एक गोष्ट आहे, आणि ती जास्त फसवी आहे. समजा एका दूरच्या स्ट्राइकची खरी किंमत ४० रुपये आहे, घेणाऱ्याचा भाव म्हणजे बिड ३८ आणि विकणाऱ्याचा म्हणजे आस्क ४२. आज शेवटचा सौदा बिडवर झाला, म्हणून बंद भाव ३८. उद्या खरी किंमत ४०च राहिली, पण शेवटचा सौदा आस्कवर झाला, म्हणून बंद भाव ४२. टेबल म्हणतं साडेदहा टक्के परतावा. प्रत्यक्षात घेणाऱ्याला आज ४२ मोजावे लागले असते आणि उद्या ३८ मिळाले असते, म्हणजे साडेनऊ टक्के तोटा. मॉडेल या चुकीला सिग्नल समजतं. आयव्ही, म्हणजे ऑप्शनच्या भावातून निघणारी अपेक्षित चढउताराची मोजणी, आजच्या बंद भावावरूनच काढलेली असते. भाव चुकून कमी नोंदला गेला की आयव्ही शेजारच्या स्ट्राइकपेक्षा कमी दिसते, आणि तोच कमी भाव परताव्याच्या छेदात बसलेला असल्यामुळे उद्याचा परतावा जास्त दिसतो. ‘आयव्ही शेजाऱ्यांपेक्षा कमी असेल तर घ्या’ हा नियम बॅकटेस्टमध्ये सोन्यासारखा चमकतो. वाईट म्हणजे मॉडेल जितकं हुशार, तितकी ही चूक ते अधिक बारकाईने शोधून काढतं.

ही शंका तपासायला फार लागत नाही. फीचर्स, म्हणजे मॉडेलला पुरवलेली माहिती, आजच्या बंद भावावरून काढा, पण खरेदी उद्याच्या सकाळी आस्कला आणि विक्री बिडला धरा. खरा संबंध असेल तर तो थोडा बारीक होईल, पण उरेल. भावातल्या चुकीवर उभा असेल तर एका रात्रीत जाईल. एनएसईची भावकॉपी, म्हणजे रोजच्या भावांची फाइल, वापरणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे बघावं: जुलै २०२४ पर्यंतच्या जुन्या साच्यात एकही सौदा न झालेल्या स्ट्राइकच्या ओळीत `CONTRACTS` शून्य असे, तरी `CLOSE` मध्ये आकडा असे. त्या आकड्याला त्या दिवशी कुणी काही विकलं नव्हतं की घेतलं नव्हतं. शिवाय दिवसअखेरचा ओपन इंटरेस्ट, म्हणजे न मिटलेल्या सौद्यांचा आकडा, बाजार बंद झाल्यावर हाती येतो. तो वापरून त्याच दिवशीच्या बंद भावाला सौदा धरणं म्हणजे साडेतीननंतरची माहिती घेऊन साडेतीनच्या आधी ऑर्डर टाकणं. ही चूक मी इतक्या नोटबुकांत पाहिली आहे की आता कुणी बॅकटेस्ट दाखवला की आधी तीच शोधतो.

मग येते ट्रेन आणि टेस्टची, म्हणजे शिकवायच्या आणि तपासायच्या ओळींची, फाळणी. एका दिवशी निफ्टीच्या एका एक्स्पायरीत दर पन्नास पॉइंटला एक स्ट्राइक, प्रत्येकाचे कॉल आणि पुट, अशा शेकडो ओळी येतात आणि त्यांचं नशीब जवळजवळ एकच असतं. ओळी पिसून फाळणी केली तर ३ जूनचा २२,४५० चा पुट ट्रेनमध्ये आणि २२,५०० चा टेस्टमध्ये जातो. मॉडेलला उत्तर काढायची गरजच उरत नाही, त्याने शेजारच्या ओळीत ते पाहिलेलं असतं. तारीख फीचरमधून काढून टाकली म्हणून हे टळत नाही. दोन दशांशांपर्यंतचा इंडिया व्हिक्सचा एकेक आकडा मोजक्याच दिवशी येतो. डिसिजन ट्रीच्या दृष्टीने तो आकडा म्हणजे जवळजवळ तारीखच. कुणाच्या मॉडेलची परीक्षा घ्यायची असेल तर त्याला सगळी फीचर्स काढून फक्त व्हिक्सवर चालवायला सांगा. पिसलेल्या फाळणीत अचूकता भरघोस आणि तारखेनुसारच्या फाळणीत नाणेफेकीएवढी आली, तर पुढचा आलेख बघण्यात वेळ घालवू नका.

फाळणी तारखेनुसार केली तरी एक खाच राहते. सायकिट-लर्नमधल्या `TimeSeriesSplit` ला मधली जागा मोकळी ठेवण्यासाठी `gap` देता येतो, आणि लोक `gap=5` देऊन पाच दिवस सोडल्याच्या समाधानात असतात. तो पाच ओळी सोडतो. दिवसाला शेकडो ओळी असलेल्या टेबलमध्ये पाच ओळी म्हणजे त्याच दिवसाचे पाच स्ट्राइक. लेबल आठवडाभराच्या परताव्याचं असेल, तर ट्रेनमधल्या शेवटच्या ओळींची उत्तरं टेस्टच्या पहिल्या दिवसांवर पसरलेली असतात. फाळणी ओळींची न करता दिवसांची करायला हवी:

```python
dates = np.sort(df["date"].unique())
tscv = TimeSeriesSplit(n_splits=5, gap=5)
for tr, te in tscv.split(dates):
    train = df[df["date"].isin(dates[tr])]
    test  = df[df["date"].isin(dates[te])]
```

एवढं केलं की बहुतेक आलेख आडवे होतात. लाखो ओळींचा डेटा असल्याचा दावाही मग वेगळा दिसायला लागतो. निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून २०२५ अखेरपर्यंत एक्स्पायरी झाल्या सुमारे साडेतीनशे. ओळी कितीही असोत, एकमेकांपासून वेगळ्या म्हणाव्यात अशा घटना एवढ्याच, आणि त्यातही ४ जूनसारख्या हातावर मोजण्याइतक्या.

गळती पूर्ण बुजवली तरी दुसरी अडचण उभी राहते, आणि तिला कोडमध्ये उत्तर नाही. मॉडेल ज्या बाजारावर शिकलं तो बाजारच जागेवर राहत नाही. निफ्टीची एक्स्पायरी वर्षानुवर्षं गुरुवारी होती. सप्टेंबर २०२५ पासून ती मंगळवारी गेली. ज्याच्या मॉडेलमध्ये वार हे फीचर होतं, त्याचं मॉडेल त्या आठवड्यात निकामी झालं, हे उघड आहे. जाणकार म्हणतात, वार कशाला, एक्स्पायरीला उरलेले ट्रेडिंगचे दिवस घ्या. पण गुरुवारच्या एक्स्पायरीत दोन दिवस उरणं म्हणजे मंगळवारची संध्याकाळ, पुढे बुधवार आणि गुरुवार. मंगळवारच्या एक्स्पायरीत दोन दिवस उरणं म्हणजे शुक्रवारची संध्याकाळ. मध्ये शनिवार-रविवार, परदेशातल्या बातम्या, सोमवारचं गॅप ओपनिंग. फीचरमध्ये दोन्हीकडे २ हाच आकडा, पण पहिल्यात दोन रात्रींची जोखीम आणि दुसऱ्यात चार. नव्या रचनेवर मॉडेल पुन्हा शिकवायचं तर त्यासाठी लागणाऱ्या एक्स्पायरी एकेका आठवड्यानेच साठतात.

त्याच्या आधीच्या वर्षात तर नियमच बदलले होते. सेबीच्या १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानंतर प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी ठेवता आली. बँक निफ्टीची शेवटची साप्ताहिक एक्स्पायरी १३ नोव्हेंबर २०२४ ला झाली. निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ झाला. एक्स्पायरीच्या दिवशी विकलेल्या ऑप्शनवर दोन टक्के जादा मार्जिन आलं. यातली एकही गोष्ट ऑप्शनच्या किमतीच्या सूत्रात नाही. पण सूत्रात नसलेल्या गोष्टीच मॉडेल शिकत असतं: शेवटच्या तासात कोण विकतं, कोण घाबरून घेतं, प्रीमियम कुठे गरजेपेक्षा फुगतो. लहान ट्रेडरला परवडेनासं झालं की तो जातो, आणि त्याच्या सवयीवर बेतलेला पॅटर्नही जातो.

कधी तर पॅटर्न एखाद्याच खेळाडूचा असू शकतो. ३ जुलै २०२५ ला सेबीने जेन स्ट्रीट समूहाविरुद्ध अंतरिम आदेश काढला आणि ४,८४३ कोटींहून जास्त रक्कम जमा करायला लावली. सकाळी बँक निफ्टीचे शेअर आणि फ्युचर्स विकत घेऊन निर्देशांक वर नेला, ऑप्शनमध्ये उलट बाजूची त्याहून कितीतरी मोठी पोझिशन घेतली आणि नंतर शेअर विकून टाकले, असा सेबीचा आरोप आहे. कंपनीने तो नाकारला आणि अपिलात गेली. खरंखोटं ठरवायला ते मंच आहेत. पण मॉडेलच्या दृष्टीने प्रश्न आरोप सिद्ध होण्याचा नाही. एवढ्या मोठ्या उलाढालीचा ठसा त्या काळातल्या एक्स्पायरीच्या दिवसांवर असणारच. ‘सकाळी बँक निफ्टी चढला तर दुपारी पुट घ्या’ असा काही नियम कुणाच्या मॉडेलने २०२३-२४ च्या डेटातून शिकला असेल, तर तो बाजाराचा गुणधर्म होता की एका पाहुण्याची सवय, हे त्या डेटातून कळायला मार्ग नाही.

मशीन लर्निंग ऑप्शन्समध्ये काही कामाचंच नाही, असं मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या शेअर ऑप्शन्सवर अशा मॉडेल्सना परताव्याचा अंदाज काही प्रमाणात जमतो, असं गंभीर संशोधन सांगतं. पण तिथे प्रश्न वेगळा असतो: हजारो कंपन्यांपैकी कुठल्या कंपनीचा ऑप्शन इतरांच्या तुलनेत महाग आहे. शेअरच्या चढउताराचा परिणाम हेज करून काढून टाकलेला असतो आणि मॉडेल प्रत्येक महिन्यात हजारो उदाहरणांतून शिकतं. आपल्याकडे विकलं जातं ते एका निर्देशांकाच्या, आठवड्याच्या, बिनहेज पोझिशनचं भाकीत. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याला जोडता येत नाही.

सेबीने काही दारं बंद केली आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये तिने ब्रोकरना परताव्याचे दावे करणाऱ्या अल्गोविक्रेत्यांशी संबंध ठेवायला मनाई केली. ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकानुसार, ज्याचं लॉजिक वापरणाऱ्याला कळत नाही असा ब्लॅक बॉक्स अल्गो देणाऱ्याला रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी करावी लागते आणि संशोधन अहवाल ठेवावा लागतो. नोंदणीने माणूस सापडतो, हे चांगलंच. पण त्या अहवालातला बॅकटेस्ट पिसलेल्या फाळणीतून आला की नाही, हे नोंदणी तपासत नाही. आणि दावे तर बंद खोलीतल्या वेबिनारमध्ये, टेलिग्रामवर चालूच असतात.

शिवाय किती प्रयोगांतून हा एक आलेख निवडला, हे कुणी विचारत नाही. अजिबात अक्कल नसलेली, एकमेकांशी संबंध नसलेली दोनशे मॉडेल्स एका वर्षाच्या डेटावर चालवली, तर त्यातल्या सर्वोत्तमाचा शार्प रेशो, म्हणजे जोखमीच्या तुलनेतला परतावा, निव्वळ नशिबाने सरासरी पावणेतीनच्या आसपास येतो. दोनच्या वर शार्प दिसला की गिऱ्हाईक खिसा उघडतं. आणि दोनशे मॉडेल्स चालवायला आजच्या लॅपटॉपला एक रात्र पुरते.

म्हणून मागणी एवढीच, की विकायचं असेल तर मागचा आलेख दाखवायचा नाही, पुढची नोंद दाखवायची. रोज बाजार उघडण्याआधी त्या दिवसाचे अंदाज कुठेतरी बांधून ठेवायचे आणि किमान वर्षभराने ते उघडायचे. हिशेब घेताना आस्क, विकताना बिड, आणि मार्जिनसकट. यावर हमखास आक्षेप येतो की अंदाज आधी जाहीर केले तर आमचं गुपित फुटेल. जाहीर करायची गरजच नाही. अंदाजांची फाइल स्वतःजवळ ठेवा आणि फक्त तिचा हॅश, म्हणजे फाइलवरून निघणारा छोटा ठसा, जमा करा. `sha256sum 2025-09-02.csv` ही एका ओळीची कमांड आहे. हॅशवरून अंदाज कळत नाहीत, पण नंतर फाइलमधला एक आकडा जरी बदलला तर हॅश जुळत नाही. फक्त हे हॅश विकणाऱ्याने स्वतःच्या वेबसाइटवर टाकून चालणार नाही. शंभर फाइलींचे हॅश शंभर ठिकाणी टाकून वर्षाअखेरी चाललेली एकच उघडणं फार सोपं आहे. ते एक्स्चेंजकडे, विक्रेत्याच्या नोंदणी क्रमांकासमोर जमा व्हायला हवेत, आणि जमा झालेला प्रत्येक हॅश उघडण्याची सक्ती हवी.